मोबाईलवर शूट केलेला व्हिडिओ एडिटरमध्ये टाकला की आवाज आणि ओठ जुळत नाहीत : व्हेरिएबल फ्रेम रेटचं दुखणं आणि त्यावरचा इलाज

सांगलीत एकांकिकांचा मोसम सुरू झाला की हाच प्रश्न दरवर्षी माझ्याकडं येतो, फक्त विचारणारी पोरं बदलतात. कॉलेजचा ग्रुप असतो, तालमीचं किंवा प्रयोगाचं शूटिंग कुणाच्या तरी मोबाईलवर ट्रायपॉड लावून केलेलं असतं, कधी साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वेगळा आवाज पण घेतलेला असतो, आणि मग एडिटिंगला बसल्यावर फोन येतो की दादा, सुरुवातीला बरोबर आहे पण नंतर आवाज एकीकडं आणि तोंड एकीकडं चाललंय, कॉम्प्युटर स्लो आहे म्हणून होतंय का. तर नाही, कॉम्प्युटरचा यात काही दोष नाही आणि रॅम वाढवून पण काही उपयोग नाही. दरवेळी फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी एक साधी टेस्ट करा. मूळ फाइल, म्हणजे मोबाईलमधून केबलनं जशीच्या तशी काढलेली, व्हीएलसीमध्ये लावा आणि जिथं एडिटरमध्ये गडबड दिसते तिथंच जाऊन बघा. व्हीएलसीमध्ये ओठ आणि शब्द व्यवस्थित जुळतायत आणि एडिटरमध्ये नाही, असं असेल तर नव्वद टक्के वेळा व्हेरिएबल फ्रेम रेटचीच, म्हणजे सेकंदाला येणाऱ्या फ्रेम मध्येच कमीजास्त होण्याचीच भानगड असते. व्हीएलसीमध्ये पण जुळत नसेल तर मग रेकॉर्डिंगच बिघडलंय, त्याला खाली लिहिलेलं बरंचसं लागू होणार नाही. आणि फाइल व्हॉट्सॲपवरून आलेली असेल तर आधी मूळ फाइल मागून घ्या, व्हिडिओ म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो परत दाबून बारीक करतं, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा नाहीतर सरळ केबल लावा.

आता हे होतं का ते बघू, कारण कारण कळलं की पुढचे सगळे उपाय आपोआप पटतात.

आपण मोबाईलमध्ये ३० एफपीएस निवडतो आणि समजतो की सेकंदाला मोजून ३० फ्रेम येणार. मोबाईलच्या दृष्टीनं ते ३० म्हणजे जमलं तर ३०. उजेड भरपूर असला तर तो बरोबर ३० च्या आसपास राहतो. उजेड कमी झाला की कॅमेऱ्याला एकेका फ्रेमसाठी जास्त वेळ प्रकाश घ्यावा लागतो, आणि ३० एफपीएसमध्ये एका फ्रेमच्या वाट्याला सेकंदाचा तिसावा भागच येतो, त्याच्यापेक्षा जास्त वेळ पाहिजे असेल तर फ्रेम कमी काढण्याशिवाय त्याला गत्यंतर नसतं. मग तो गुपचूप २४ वर येतो, काही फोन त्याच्याही खाली जातात. परत लाइट आले की परत ३०. शिवाय फोन तापला, स्टोरेज भरत आलं, मागं दुसरं कुठलं तरी ॲप जोरात चालू आहे, अशा वेळी पण मधल्या एखाद दुसऱ्या फ्रेमला बुट्टी बसते. नाटकाचं स्टेज म्हणजे तर यासाठी अगदी आदर्श जागा, एका प्रवेशात पूर्ण लाइट, पुढच्यात फक्त एक निळा स्पॉट, मध्ये ब्लॅकआउट.

आवाजाचं मात्र असं नसतं. तो सेकंदाला ४८,००० सॅम्पल या दरानं आपला सरळ चालत राहतो, अंधार असो नाहीतर उजेड.

मग फाइल व्हीएलसीमध्ये बरोबर कशी चालते, तर एमपीफोर फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम किती वेळ दाखवायची हे लिहिलेलं असतं. मार्केट यार्डात हळदीच्या प्रत्येक पोत्यावर त्याचं खरं वजन लिहावं तसं समजा. प्लेयर प्रत्येक पोत्यावरचं वजन वाचतो म्हणून त्याचा हिशोब चुकत नाही. बरेच एडिटर मात्र पोती मोजतात आणि सगळ्यांचं वजन सारखंच धरून गुणाकार करून मोकळे होतात, कारण त्यांची टाइमलाइन म्हणजे सारख्या मापाचे चौकोन असतात, ३० एफपीएसच्या टाइमलाइनवर एका सेकंदात ३० चौकोन आणि एका चौकोनात एक फ्रेम. जिथं फोननं सेकंदात २४ च फ्रेम दिल्या तिथं त्या २४ फ्रेम सेकंदभर पुरत नाहीत, पुढच्या फ्रेम वेळेआधीच येतात, आणि चित्र आवाजाच्या पुढं पळतं. सगळेच एडिटर असं करतात असं नाही, प्रीमियर प्रो मध्ये २०१८ च्या सुमारास व्हेरिएबल फ्रेम रेट सांभाळायची सोय आली आणि केडेनलाइव्ह तर अशी फाइल टाकली की स्वतःच विचारतं की बदलून देऊ का. तरीपण तासाभराच्या फाइलवर मी कुणाच्याच भरवशावर राहत नाही.

एक उदाहरण आकड्यांसकट घेऊ. आकडे मुद्दाम हिशोबाला सोपे पडतील असे गोल केलेत. एकांकिका ४० मिनिटांची, म्हणजे २४०० सेकंद. पूर्ण वेळ ३० एफपीएस मिळाले असते तर ७२,००० फ्रेम झाल्या असत्या. पण २२ व्या मिनिटाला एक प्रवेश आहे, आई कंदील घेऊन बसलीय, स्टेजवर बाकी काळोख, आणि तो ५० सेकंद चालतो. त्या ५० सेकंदांत फोन २४ वर आला. १,५०० च्या जागी १,२०० फ्रेम मिळाल्या, म्हणजे ३०० कमी, आणि पूर्ण फाइलमध्ये ७१,७०० फ्रेम. बाकी सगळा वेळ अगदी बरोबर ३० होते असं धरा.

आता एडिटर काय समजतो त्यावर दोन वेगवेगळे प्रकार दिसतात, आणि बहुतेक लोक इथंच गोंधळतात.

पहिला प्रकार, एडिटरनं फाइल ३० ची आहे असं धरलं. मग २२ मिनिटांपर्यंत सगळं झकास. कंदिलाच्या प्रवेशात चित्र हळूहळू पुढं पळायला लागतं आणि प्रवेश संपेपर्यंत पूर्ण १० सेकंद पुढं गेलेलं असतं, कारण ३०० फ्रेम भागिले ३० म्हणजे १० सेकंद. तिथून शेवटपर्यंत तो फरक १० चा १० च राहतो, वाढत नाही आणि कमी पण होत नाही. टाइमलाइनच्या टोकाला जाऊन बघितलं तर चित्र आधी संपलेलं आणि खाली आवाजाची पट्टी १० सेकंद लांब आलेली दिसते. हा प्रकार ओळखायला सोपा.

दुसरा प्रकार जास्त छळतो. इथं एडिटर सरासरी काढतो, ७१,७०० भागिले २४०० म्हणजे २९.८७५, आणि सगळ्या फ्रेम त्याच दरानं पसरतो. मग सुरुवात जुळते, शेवट पण जुळतो, आणि मध्येच गोंधळ असतो, आणि पोरं म्हणतात दादा, शेवटाला बरोबर येतंय मग मध्येच कसं काय बिघडलं. तर खऱ्या ३० वाल्या फ्रेम २९.८७५ नं दाखवल्या की चित्र रेंगाळतं. २२ व्या मिनिटाला, म्हणजे १३२० व्या सेकंदाला, ३९,६०० वी फ्रेम यायला पाहिजे, ती येते १३२५.५ व्या सेकंदाला. चित्र साडेपाच सेकंद मागं पडलं. मग कंदिलाचा प्रवेश येतो, त्यात फ्रेम कमी असल्यामुळं तो भरभर संपतो, आणि त्याच्या शेवटी म्हणजे १३७० व्या सेकंदाला जी फ्रेम यायला पाहिजे ती १३६५.७ लाच येऊन बसते. आता चित्र सव्वाचार सेकंदांहून थोडं जास्त पुढं गेलं. म्हणजे आधी मागं होतं ते ५० सेकंदांत पुढं गेलं, आणि मग शेवटपर्यंत हळूहळू परत जुळत जुळत शून्यावर येतं. अशा फाइलला कुणी आवाजाची पट्टी एकदाच सरकवून जुळवायला गेला तर रात्रभर सरकवत बसला तरी जुळणार नाही, एका ठिकाणी जुळवलं की दुसरीकडं बिघडणार.

म्हणून फरक किती आहे याच्यापेक्षा तो कसा वाढतो ते आधी बघा. टाइमलाइनवर दर पाच मिनिटांनी थांबून कुणाचं तरी तोंड आणि शब्द बघायचा, एखादा दरवाजा आपटला असेल, टाळी वाजली असेल, तर फारच उत्तम. अंधाराच्या प्रवेशात अचानक फरक पडला तर व्हेरिएबल फ्रेम रेट. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फरक सारखाच आहे, एक सेकंद म्हणजे एकच सेकंद, तर ती फक्त पट्टी सरकलेली आहे, सरकवून टाका आणि विषय संपवा. आणि मोबाईलचा स्वतःचा आवाज चित्राशी जुळतोय पण मिक्सरमधला वेगळा आवाज अगदी हळूहळू, कानाला जेमतेम कळेल इतका लांबत चाललाय, तर ते दुखणं वेगळं, त्याच्याबद्दल शेवटी लिहितो.

खात्री करायची असेल तर मीडियाइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे. फाइल त्यात टाका, टेक्स्ट व्ह्यू निवडा, व्हिडिओच्या भागात `Frame rate mode` अशी ओळ असते. तिथं `Variable` लिहिलं असेल तर फाइल व्हेरिएबल. पण इथं लगेच घाबरू नका, मोबाईलच्या जवळजवळ प्रत्येक फाइलला तो `Variable` च म्हणतो कारण एखादी फ्रेम मिलिसेकंदभर इकडंतिकडं झाली तरी त्याच्या लेखी ती व्हेरिएबलच. खरी गोष्ट त्याच्या खालच्या ओळींत कळते, `Frame rate`, `Minimum frame rate`, `Maximum frame rate`. सरासरी २९.९९ च्या आसपास असेल तर पाच मिनिटांच्या रीलला काही होत नाही, तशीच वापरा. सरासरी २९.८७ किंवा २८.५ असली काहीतरी दिसली तर मात्र बदलल्याशिवाय टाइमलाइनवर टाकू नका. कमीत कमी आणि जास्तीत जास्त हे आकडे एखाद्याच वेड्यावाकड्या फ्रेममुळं विचित्र येऊ शकतात, त्यांच्यापेक्षा सरासरी बघा.

ज्याला काळ्या स्क्रीनवर टाइप करायची भीती वाटत नाही त्यानं एफएफएमपेग टाकून घ्यावं, त्याच्यासोबत एफएफप्रोब येतं, आणि ते असं विचारायचं :

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate,duration,nb_frames -of default=nw=1 natak.mp4
```

आपल्या उदाहरणाच्या फाइलला उत्तर असं येईल :

```
r_frame_rate=30/1
avg_frame_rate=239/8
duration=2400.000000
nb_frames=71700
```

२३९ भागिले ८ म्हणजे २९.८७५. पहिल्या दोन ओळी एकमेकींशी जुळत नाहीत, तिथंच चोर सापडला. पहिल्या ओळीत कधीकधी १२० किंवा ९०,००० असला अचाट आकडा येतो, तेव्हा पण अर्थ तोच, की फ्रेममधली अंतरं सारखी नाहीत म्हणून बिचाऱ्याला कुठला दर सांगावा ते कळेना.

इलाज एकच, फाइल एडिटरमध्ये टाकायच्या आधी कॉन्स्टंट फ्रेम रेटमध्ये बदलून घ्यायची. म्हणजे प्रत्येक फ्रेमची खरी वेळ वाचून तिला ३० च्या चौकोनात तिच्या जागी बसवायचं, आणि जिथं फ्रेम कमी आहेत तिथं आधीचीच फ्रेम परत एकदा टाकून चौकोन भरायचा. कंदिलाच्या प्रवेशात अशा ३०० फ्रेम दुप्पट होतील. त्या प्रवेशात कुणी पळत गेलं तर हालचाल किंचित अडखळल्यासारखी दिसते, ते जाणार नाही, कारण जी फ्रेम कॅमेऱ्यानं काढलीच नाही ती आणायची कुठून. पण आवाज जुळतो आणि आपल्याला तेच पाहिजे.

बटणं दाबून करायचं असेल तर हँडब्रेक. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांवर चालतं. फाइल उघडा, `Video` टॅबमध्ये जा, `Framerate (FPS)` मध्ये `30` निवडा, आणि त्याच्या खाली जे गोल बटण आहे ते `Constant Framerate` वर ठेवा. ही एक गोष्ट विसरली की सगळी मेहनत पाण्यात, कारण हँडब्रेकचे तयार प्रीसेट बहुतेक `Peak Framerate` वर असतात, म्हणजे ३० च्या वर जाऊ देणार नाही पण खाली गेलं तर जाऊ देणार, आणि आपलं दुखणं तर खाली जाण्याचंच आहे. रात्रभर कन्व्हर्ट करून सकाळी फाइल तशीच व्हेरिएबल निघाली अशी तक्रार घेऊन जे येतात त्यांचं कारण हेच असतं. क्वालिटीचा आरएफ १८ च्या आसपास ठेवा, आकडा जितका कमी तितकी क्वालिटी चांगली आणि फाइल मोठी.

हँडब्रेकमध्येच अजून दोन गोष्टी बघायच्या, विशेषतः नाटकवाल्यांनी. `Dimensions` टॅबमध्ये क्रॉपिंग `Automatic` असतं, ते काळ्या पट्ट्या शोधून कापतं, आणि स्टेजच्या कडा काळ्या विंगांच्या असतात, तर त्यातला थोडा भाग पट्टी समजून कापला गेला तर नंतर एन्ट्री अर्धी कापलेली दिसते. ते `None` करा. आणि शूटिंग फोरकेमध्ये असेल तर १०८० च्या नावाचा प्रीसेट निवडू नका, तो फाइल लहान करून टाकतो आणि नंतर झूम करायला काही राहत नाही.

मला स्वतःला एफएफएमपेग आवडतं, कारण एकदा कमांड लिहून ठेवली की डोकं लावायचं काम संपलं :

```
ffmpeg -i natak.mp4 -fps_mode cfr -r 30 -c:v libx264 -crf 17 -preset fast -g 15 -c:a pcm_s16le natak_cfr.mov
```

यातलं `-fps_mode cfr -r 30` हे खरं औषध. एफएफएमपेग ५.१ च्या आधीचं असेल तर `-fps_mode` ओळखणार नाही, तिथं `-vsync cfr` लिहा. `-g 15` मुळं दर अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण फ्रेम साठवली जाते, त्यामुळं टाइमलाइनवर पुढंमागं ओढताना जुन्या लॅपटॉपचा जीव जात नाही. आवाज `pcm_s16le` म्हणजे न दाबलेला ठेवलाय. फाइल मूळच्या दुप्पट तिप्पट झाली तरी डोकं धरून बसू नका, ही कामापुरती फाइल आहे, प्रोजेक्ट संपला की उडवा, मूळ मात्र जपून ठेवा.

कमांड चालताना खाली एक ओळ पळत असते, तिच्यात `dup=300` असं काहीतरी दिसेल. हा आकडा म्हणजे किती फ्रेम परत टाकाव्या लागल्या. मला तो बघायला आवडतो कारण फोननं किती ठिकाणी कामचुकारपणा केला त्याचा तो सरळ पुरावा असतो. संपल्यावर परत एफएफप्रोबला विचारा, `nb_frames` ७२,००० आणि दोन्ही दर `30/1` आले पाहिजेत. खऱ्या फाइलला एखाद दुसरी फ्रेम इकडंतिकडं होईल, ती धरायची नाही.

आता एक सापळा, नेटवर शोधून कमांड चिकटवणाऱ्यांसाठी. `-r 30` हे `-i` च्या नंतर लिहायचं, आधी नाही. आधी लिहिलं, म्हणजे `ffmpeg -r 30 -i natak.mp4` असं, तर एफएफएमपेगला तुम्ही सांगताय की फाइलमध्ये लिहिलेल्या वेळा बाजूला ठेव आणि सगळ्या फ्रेम सरसकट ३० नं धर. म्हणजे जी चूक एडिटर करत होता तीच आता फाइलमध्ये कायमची कोरली गेली, आणि मीडियाइन्फो वर मान डोलावून `Constant` म्हणतं. फाइल दिसायला एकदम शुद्ध, चित्र १० सेकंद आधीच संपलेलं. अशी फाइल घेऊन परत कितीही बदल केले तरी ती सुधारत नाही, मूळ फाइलपासून परत सुरू करायचं.

तसंच `-c copy` लावून एमपीफोरची एमओव्ही केली किंवा नाव बदललं तर फ्रेम जिथल्या तिथंच राहतात, फक्त डबा बदलतो. दोन सेकंदांत कन्व्हर्ट झालं म्हणून खूश व्हायचं कारण नाही, इतक्या लवकर झालं म्हणजेच काही झालेलं नाही.

३० च निवडायचं की दुसरं काही, हा प्रश्न पण येतो. सरासरी आकडा निवडायचा नाही, २९.८७५ ची टाइमलाइन करणारा पण मी बघितलाय. फोन ज्या दरावर सेट होता तोच घ्यायचा, ३० असेल तर ३०, ६० असेल तर ६० नाहीतर सरळ निम्मा करून ३०. २५ करायला जाऊ नका, दर सेकंदाला ५ फ्रेम टाकून द्याव्या लागतात आणि कॅमेरा फिरवलेला असेल तिथं चित्र उड्या मारतं. फोनची फाइल उजेडातसुद्धा कायम २९.९७ च दाखवत असेल तर `-r 30000/1001` लिहा आणि प्रोजेक्ट पण २९.९७ चाच करा. टाइमलाइनचा दर आणि फाइलचा दर एकच ठेवायचा, एवढं पाळलं की पुष्कळ झालं. डाविंची रिझॉल्व्हमध्ये तर मीडिया आत आल्यावर प्रोजेक्टचा टाइमलाइन फ्रेम रेट बदलू देत नाही, म्हणून आधी ते ठरवा मग फाइली ओढा.

आयफोनवाल्यांची एक वेगळी कटकट असते, एचडीआर चालू असेल तर वरच्या कमांडनं बदलल्यावर रंग फिके किंवा विचित्र दिसू शकतात. शूटिंगच्या आधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये `HDR Video` बंद ठेवा, आपल्या कामाला त्याची गरज नसते.

फाइली बऱ्याच असतील तर विंडोजमध्ये त्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे चालवा आणि जेवायला जा :

```
for %f in (*.mp4) do ffmpeg -i "%f" -fps_mode cfr -r 30 -c:v libx264 -crf 17 -preset fast -g 15 -c:a pcm_s16le "%~nf_cfr.mov"
```

गेल्या मोसमात मिरजेच्या एका ग्रुपमधली मुलगी आली होती, तिनं अर्ध्याहून जास्त एडिट करून ठेवलं होतं आणि मग लक्षात आलं की जुळत नाही. “दादा, आता फाइल बदलली तर माझे सगळे कट जाणार का?” खरं सांगायचं तर काही जाणार. एडिटर कट लक्षात ठेवतो तो तितक्या क्रमांकाच्या फ्रेमवर म्हणून, आणि नवीन फाइलमध्ये त्या क्रमांकावर वेगळी फ्रेम आहे. तिच्या फाइलमध्ये पहिल्या अंधाराच्या प्रवेशाच्या आधीचे कट जागेवर राहिले कारण तिचा एडिटर फाइल ३० चीच धरत होता, पुढचे सगळे एकाच मापानं सरकले होते, तर ते सगळे एकदम सिलेक्ट करून तेवढ्या फ्रेमनं सरकवले आणि काम भागलं. सरासरी धरणारा एडिटर असता तर हे जमलं नसतं, तिथं एकेक कट बघत जाणं आलं. तिच्या नाटकात अंधाराचा एकच मोठा प्रवेश होता हे नशीब. चार पाच असतील तर सरळ परत कापायला बसा, लवकर होतं.

आता मघाशी बाजूला ठेवलेली गोष्ट. फाइल कॉन्स्टंट केली, मोबाईलचा आवाज चित्राशी चपखल बसला, तरी मिक्सरमधून किंवा वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज ४० मिनिटांत किंचित सरकतो. याचा फ्रेम रेटशी संबंध नाही. दोन वेगळ्या यंत्रांतली दोन घड्याळं कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत. दहा लाखात ५० चा फरक असला तर २४०० सेकंदांत ०.१२ सेकंद होतो, म्हणजे ३० एफपीएसला साधारण साडेतीन फ्रेम. यमन गाताना नाही कळणार पण संवादात कळतं. यासाठी परत कन्व्हर्ट करत बसू नका. आवाजाची पट्टी एखाद्या ब्लॅकआउटमध्ये किंवा शांततेत कापा आणि पुढचा तुकडा एक दोन फ्रेम सरकवा, ४० मिनिटांत दोन ठिकाणी केलं की बास. कुणाला कुठं कापलं ते ऐकू पण येणार नाही.

आवाजातच मध्ये खंड पडलेला असेल, म्हणजे ब्लूटूथ माइक मध्येच तुटला वगैरे, तर कमांडमध्ये `-c:a` च्या आधी `-af aresample=async=1` घाला, ते रिकाम्या जागी शांतता भरून पुढचा आवाज त्याच्या वेळेवर ठेवतं. हे नसलं तर खंडाच्या पुढचा सगळा आवाज मागं ओढला जातो आणि मग परत वाटतं की व्हिडिओच बिघडलाय.

मोबाईलचं स्क्रीन रेकॉर्डिंग हा याच्यातला सगळ्यात वाईट प्रकार. बऱ्याच फोनवर स्क्रीन हलली तरच नवीन फ्रेम येते, तुम्ही दहा सेकंद एकाच पानावर बोलत बसलात तर तिथं फ्रेम नावालाच असतात. क्लासवाले आणि ॲप कसं वापरायचं ते शिकवणारे, तुम्ही तर सरासरी बघायच्या भानगडीत पण पडू नका, प्रत्येक फाइल डोळे झाकून बदला.

पुढच्या वेळी शूटिंगलाच काळजी घ्यायची असेल तर आयफोनमध्ये सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग `Record Video`, तिथं `Auto FPS` बंद करा. अँड्रॉइडमध्ये प्रो व्हिडिओ मोड असेल तर शटर स्वतः ठरवा, आणि इथं आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची असल्यामुळं १/५० किंवा १/१०० ठेवा म्हणजे स्टेजच्या साध्या लाइटचं लपलपणं पण कमी होतं. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप दोन्हीकडं फुकट मिळतं, त्यात फ्रेम रेट आणि शटर दोन्ही धरून ठेवता येतं. याची किंमत अशी की कंदिलाचा प्रवेश जास्त काळा आणि दाणेदार येईल, कारण कॅमेऱ्याला जास्त वेळ प्रकाश घ्यायची मुभाच आपण काढून घेतली. लाइटवाल्याला सांगून प्रवेशाचा उजेड थोडा वाढवता आला तर बघा, नाहीतर व्हेरिएबल येऊ द्या आणि नंतर बदला, मी दुसरंच पत्करतो. फोन एअरप्लेन मोडवर टाका, कव्हर काढा म्हणजे कमी तापेल.

आणि रेकॉर्डिंग सुरू केल्यावर कॅमेऱ्यासमोर एक टाळी, प्रयोग संपल्यावर बंद करायच्या आधी अजून एक टाळी. पहिली जुळवली आणि दुसरी पण जुळली तर फाइल चांगली असेलच असं नाही हे वर सांगितलंच, सरासरीवाला प्रकार दोन्ही टाळ्यांना फसवतो, म्हणून प्रत्येक ब्लॅकआउटनंतर लाइट आले की बॅकस्टेजच्या कुणाला तरी विंगेतून एक टिचकी वाजवायला लावा, नाहीतर त्या प्रवेशातला पहिला स्पष्ट संवाद कुठला ते वहीत लिहून ठेवा आणि तपासताना तिथंच जा.